अठ्ठाविसाव्या वर्षी एफएसएच ६२: आधी हार्मोन, मग मुलाचा विचार

प्रश्न: वय २८, डिचोलीला राहते, लग्नाला अडीच वर्षं झाली. दहा महिने पाळी आपणहून आलेली नाही, गोळ्या घेतल्या की तेवढ्यापुरती येते. आता एफएसएच ६२ आणि एएमएच ०.०४ आलंय. डॉक्टर म्हणाल्या अंडाशयं थांबलीत, हार्मोन चालू करा. सासूबाई म्हणतात हार्मोनने कॅन्सर होतो. बाहेरच्या एका सेंटरने अंडाशयात पीआरपीचं इंजेक्शन सुचवलंय. रिपोर्ट चुकीचे असू शकतात का? मला मूल होईल का?

उत्तर:

मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारली असती. रक्त दिलं तेव्हा कुठल्या गोळ्या चालू होत्या?

एफएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन. ती ग्रंथी अंडाशयाला हाक मारते आणि अंडाशय इस्ट्रोजेन तयार करून ओ देतं. ओ आली नाही की हाकेचा आवाज चढतो, तो चढलेला आवाज म्हणजे तुमचे ६२. पण बाहेरून इस्ट्रोजेनची गोळी पोटात गेली, की पिट्युटरीला वाटतं उत्तर मिळालं, आणि ती गप्प बसते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच खोटं नॉर्मल दिसू शकतं. उलट दिशेची चूक, म्हणजे अंडाशयं ठणठणीत असताना ६२ दिसणं, फारच विरळ. नियमित पाळीच्या बाईला चक्राच्या मध्यावर एफएसएच थोडं वर जातं, पण इतकं नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा. त्या यंत्राला चकवतात, तेही बहुतेक आकडा खाली दाखवून.

चाळिशीच्या आत चार महिने किंवा जास्त काळ पाळी अनियमित किंवा बंद आणि एफएसएच २५ च्या वर, एवढं असलं की अंडाशयं वेळेआधी थांबल्याचं निदान होतं. पूर्वी चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासायचो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एकदाच पुरे, शंका असेल तरच पुन्हा. अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन म्हणजे एएमएच, तुमच्या त्या आकड्यानेही तेच सांगितलंय. तरी रक्त देताना हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या का हे आठवा, आणि घरी युरिन प्रेग्नन्सी टेस्ट केली नसेल तर ती करून टाका. दहा महिने पाळी नाही म्हणून गरोदरपण नाहीच, असं मी कोणाच्याही बाबतीत गृहीत धरत नाही.

आता "गोळ्या घेतल्या की येते" याबद्दल. पाच-दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन रक्तस्राव झाला, की सगळं ठीक आहे असं समजण्याची पद्धत आहे. ती फसवी आहे. त्या रक्तस्रावाने इतकंच कळतं की गर्भाशयाच्या अस्तराला थोडंफार इस्ट्रोजेन मिळत होतं. या आजारात अंडाशय दिवा विझावा तसं एका दिवसात थांबत नाही. फडफडतं, मध्येच पेटतं, पुन्हा मंदावतं. म्हणून या आजाराच्या अनेक बायकांना अशा गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि आजार ओळखायला वर्ष-दीड वर्ष उशीर होतो.

पेडण्याकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. ती पहिल्यांदा आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला घरी गणपती म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळ्या थांबवल्यावर एकदा पाळी आली आणि मग गेली ती गेलीच. घरात तेव्हापासून एकच धोशा, गोळ्यांनी वाट लावली. मला हे दर चतुर्थीनंतर ऐकायला मिळतं. त्या गोळ्यांनी अंडाशयं संपत नाहीत. आजार आधीच सुरू झालेला असतो, गोळ्या फक्त त्याच वेळी पोटात गेलेल्या असतात.

नंतर एका ठिकाणी तिला सोनोग्राफी न बघता पीसीओडी सांगून सहा महिने गर्भनिरोधक गोळ्या दिल्या गेल्या. त्या चालू असतानाच कोणीतरी हार्मोन तपासले. एफएसएच ७ आलं आणि "सगळं नॉर्मल" असा शिक्का बसला. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप तुटते, हे ती सांगत होती. पण मे महिन्यात गोव्यात घाम कोणाला येत नाही? नवऱ्याजवळ जाताना कोरडेपणाने दुखतं हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी गोळ्या बंद करून सहा आठवडे थांबले आणि पुन्हा रक्त घेतलं. एफएसएच ७१, आणि इस्ट्रॅडिऑल, म्हणजे अंडाशयाचं मुख्य इस्ट्रोजेन, यंत्राला मोजता येईल त्या सीमेच्या खाली. सोनोग्राफीत गर्भाशय लहान, अस्तर तीन मिलिमीटर, अंडाशयं बदामाएवढी आणि त्यात एकही बीजपुटक दिसेना. पीसीओडीत याच्या अगदी उलट चित्र असतं.

कारण शोधायला आम्ही मोजक्या तपासण्या केल्या, त्याच तुम्हालाही लागतील. पहिली कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा नकाशा. निकालाला दोन-तीन आठवडे लागतात. यात कधी टर्नर सिंड्रोमचा मोझेइक प्रकार निघतो, म्हणजे काही पेशींत एक एक्स गुणसूत्र कमी. बाई दिसायला अगदी सर्वसाधारण असते, फार तर जरा बुटकी. पण अशा बाईची महाधमनी गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो. म्हणून गर्भधारणेच्या आधी हृदयाचा एको आणि महाधमनीचा एमआरआय करावाच लागतो. कॅरिओटाइप न करता थेट आयव्हीएफला बसवणारे भेटले तर तिथून उठून या. दुसरी तपासणी एफएमआर१ या जनुकाची. त्यात प्रिम्युटेशन, म्हणजे जनुकातला अर्धवट बदल, निघालं तर तो विषय तुमच्यापुरता राहत नाही. बहिणीची अंडाशयंही लवकर थकू शकतात आणि कुटुंबात पुढे एखाद्या मुलाला बौद्धिक अपंगत्व येऊ शकतं. तिसरी, थायरॉइडचं टीएसएच व अँटिबॉडी, आणि अॅड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडी. त्या पॉझिटिव्ह आल्या, किंवा उभं राहिल्यावर चक्कर, त्वचा काळवंडणं, मीठ खावंसं वाटणं असलं काही असेल, तर हार्मोनतज्ज्ञाकडे जाणं टाळू नका. कर्करोगासाठी केमो किंवा ओटीपोटाला रेडिएशन, अंडाशयातली गाठ काढायची शस्त्रक्रिया यांचाही इतिहास डॉक्टरांना सांगा.

पेडण्याच्या मुलीची कॅरिओटाइप ४६ एक्सएक्स आली आणि एफएमआर१ स्वच्छ. थायरॉइडच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह, टीएसएच ६.८. थायरॉइडची गोळी सुरू केली, पण अंडाशयं का थांबली ते कळलं नाही. बहुतेकींत कळतच नाही. आई देवळात प्रसाद लावून आली होती, सासूने दिष्ट काढली होती. मी त्यात पडले नाही. एवढंच म्हटलं की हिने काही खाल्ल्या-प्यायल्याने, गोळीने किंवा उशिरा लग्न केल्याने हे झालेलं नाही.

आता हार्मोनबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात निकडीची गोष्ट ही आहे आणि मुलाच्या काळजीत नेमकी तीच मागे पडते. मूल हवं की नको, आता की पाच वर्षांनी, याचा हार्मोनशी संबंध नाही. इस्ट्रोजेन हे हाडांचं, रक्तवाहिन्यांचं, योनीच्या त्वचेचं आणि झोपेचंही अन्न आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी ते बंद झालं, तर इतर बायकांना पन्नाशीनंतर जे सोसावं लागतं त्याची सुरुवात तुम्हाला वीस वर्षं आधी होते.

पेडण्याच्या मुलीला मी दिलं ते असं. इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट २ मिलिग्रॅम रोज, एकही दिवस न चुकवता. सहा आठवड्यांनी वाफा अजून येत होत्या म्हणून डोस ४ केला. तरुण बाईला अनेकदा इतका लागतो, पन्नाशीतल्या बाईला देतात तो १ मिलिग्रॅम तिच्या हाडांना पुरत नाही. बरोबर मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम, महिन्यात १२ दिवस, रात्री झोपताना, कारण त्याने गुंगी येते. मी पेशंटना कॅलेंडरची १ ते १२ तारीख ठरवून देते म्हणजे गोंधळ होत नाही. प्रोजेस्टेरॉन थांबल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मायग्रेन, रक्तदाब, जास्त वजन किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच बरा. तुमचा डोस तुमच्या डॉक्टर ठरवतील, पण हा आकृतिबंध माहीत असला की चूक पकडता येते.

चुका दोन होतात. पाळी आली की बायका इस्ट्रॅडिऑलही थांबवतात, "पाळीत गोळी कशाला" म्हणून. ते थांबवायचं नाही. दुसरी जास्त वाईट. प्रोजेस्टेरॉनने झोप येते, पोट फुगल्यासारखं वाटतं, म्हणून तेच सोडून नुसतं इस्ट्रॅडिऑल घेत राहतात. गर्भाशय असलेल्या बाईत त्याने अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो. सासूबाईंच्या भीतीत तथ्य असेल तर ते इथे आहे, आणि प्रोजेस्टेरॉनचे १२ दिवस हाच त्यावरचा उपाय.

स्तनांच्या कर्करोगाची भीती मात्र वेगळ्या बायकांच्या गोष्टीतून आली आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हार्मोनबद्दल खळबळ उडवली. त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. ज्यांची अंडाशयं निसर्गक्रमाने थांबली होती त्यांना वरून हार्मोन दिलं होतं. तुमच्या बाबतीत तुमच्या वयाच्या शेजारणीच्या रक्तात जे आपोआप आहे तेवढंच आपण परत भरतोय. तुमच्या वयाच्या इतर बायकांपेक्षा त्याने स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसत नाही. नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीपर्यंत, गोळ्या घ्यायच्या. स्वतःला आधी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर मात्र हे सगळं लागू नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा. मी अशा सासवांना खुर्चीवर बसवून रजोनिवृत्तीनंतरचं त्यांचं स्वतःचं गुडघ्या-कमरेचं दुखणं विचारते, मग सुनेची गोळी त्यांना पटते.

सुरुवातीला हाडांची घनता मोजणारा डेक्सा एकदा करून घ्या. त्या कागदावर टी-स्कोअर छापलेला असतो आणि शेजारी "ऑस्टिओपोरोसिस" असं घाबरवणारं लेबल. तुमच्या वयात बघायचा तो झेड-स्कोअर, म्हणजे तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना. पेडण्याच्या मुलीचा कण्याचा झेड-स्कोअर उणे २.१ होता, वयाच्या मानाने कमी. तिला हाडांची वेगळी औषधं दिली नाहीत, इस्ट्रोजेन हेच औषध. शिवाय डी जीवनसत्त्व, रोजचं चालणं, नाचणीचं तिझन आणि काट्यासकट खाता येणारी लहान मासळी, ती तर घरात होतीच.

मुलाकडे येते. तुमच्या अंडाशयांत अजून तुरळक बीजं असू शकतात आणि कधी एखादं आपणहून सुटतं. अशा शंभर बायकांत पाच-एक जणींना काहीही न करता दिवस राहतात. हे कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही आणि औषधाने घडवून आणता येत नाही. वर सांगितलेले हार्मोन गर्भनिरोधक नाहीत आणि गर्भाला घातकही नाहीत. म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला मी गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी हेच देते. प्रोजेस्टेरॉन संपून आठवडा झाला तरी पाळी आली नाही तर टेस्ट करायची. स्वतःची बीजं वापरून आयव्हीएफ मात्र एफएसएच ६२ ला बहुतेक वेळा व्यर्थ. दहा-बारा दिवस महागडी इंजेक्शनं देऊनही पुटक वाढत नाही, कारण तुमचं स्वतःचं एफएसएच आधीच त्याहून जोरात ओरडून बसलंय. बीजं गोठवून ठेवायची वेळही आता गेली. लहान बहीण असेल तर तिने मात्र तपासून घ्यावं, तिच्याकडे ती वेळ असू शकते.

पीआरपीबद्दल माझं मत सरळ आहे: घेऊ नका. तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग सुईने अंडाशयात टोचतात. याने या आजारात मुलं होतात हे दाखवणारा भक्कम अभ्यास नाही आणि मार्गदर्शक सूचना संशोधनाबाहेर ते करू नका म्हणतात. मग सेंटरच्या भिंतीवर बाळांचे फोटो कुठून येतात? वरची शंभरात पाच आठवा. शंभर जणींना टोचलं तर पाच जणींना काहीही न करता राहिले असते ते दिवस सुईच्या नावावर जमा होतात. मोठी फी आकारून हे विकणं मला पटत नाही.

खात्रीचा म्हणता येईल असा मार्ग दात्या स्त्रीच्या बीजाचा. तुमची अंडाशयं थकली असली तरी गर्भाशय थकलेलं नाही. दात्या स्त्रीचं बीज, तुमच्या नवऱ्याचे शुक्राणू, भ्रूण तुमच्या गर्भाशयात. यश दात्याच्या वयावर ठरतं, तुमच्या नाही. चांगल्या केंद्रात एका आरोपणात दिवस राहण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. २०२१ च्या एआरटी, म्हणजे साहाय्यित गर्भधारणेच्या, कायद्याने बीज नोंदणीकृत बँकेमार्फत येतं. दाती २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच बीजदान करू शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. एका दात्याची बीजं एकाच जोडप्याला. जन्मणारं मूल कायद्याने तुमचंच. सात बीजांचा हिशेब आधीच समजून घ्या. त्यातली पाच फळली आणि त्यातून दोन-तीन भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले तर चांगलं झालं म्हणायचं. "डझनभर भ्रूण मिळतील" असं कोणी म्हणालं तर कायदा दाखवा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, २०२३ पासून सरकारी आयव्हीएफ विभाग आहे. दात्याच्या बीजाची काय व्यवस्था आहे ते आधी तिथे जाऊन विचारा, मग खासगीकडे वळा. आणि दत्तक हा शेवटचा पर्याय समजू नका. काहींचा तो पहिला असतो. त्यासाठी कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी लागते आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण असावी लागतात, ती तुमची झालीत.

पेडण्याच्या मुलीने दीड वर्ष विचार केला. नवरा-बायकोने हे दोघांतच ठेवायचं ठरवलं. पहिल्यांदा अस्तर तयार करायला गेलो तेव्हा ६ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल बारा दिवस देऊनही ते ६ मिलिमीटरच्या पुढे जाईना. मधल्या काळात तिने स्वतःच गोळ्या सोडल्या होत्या, "मूल नाही तर हार्मोन कशाला" म्हणून. आम्ही भ्रूण गोठवून ठेवला, सहा महिने तिला नियमित हार्मोनवर ठेवलं आणि पुन्हा प्रयत्न केला. या वेळी अस्तर ८ च्या वर आलं. प्रोजेस्टेरॉन सुरू करून ठरल्या दिवशी एकच भ्रूण सोडला. जुळ्यांच्या मोहाने दोन सोडायचे नाहीत, कारण दात्याच्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका तसाही जास्त. त्यासाठी बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिनचा लहान डोस चालू ठेवला.

सातव्या आठवड्यात तिचा घाबराघुबरा फोन. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ठोके दिसले, आता एवढे हार्मोन बंद करा. इतर बायकांत अंडाशय सुरुवातीचे आठवडे गर्भाला हार्मोन पुरवतं. हिच्यात ते पुरवणारं कोणीच नाही, वार स्वतः काम हाती घेईपर्यंत आपल्या गोळ्याच पुरवतात. त्या दहा ते बारा आठवड्यांपर्यंत थांबवायच्या नाहीत. तिने नशिबाने बंद करायच्या आधी विचारलं.

मुलगी झाली, अडीच किलोची. दहा महिन्यांनी ती लस द्यायला आली होती म्हणून माझ्याकडे डोकावली आणि रात्री पुन्हा घाम सुटतो म्हणाली. अंगावरचं पाजणं जवळजवळ सुटलं होतं आणि बाळंतपणानंतर तिला कोणी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितलंच नव्हतं. त्याच दिवशी २ मिलिग्रॅमपासून परत सुरू केलं, आणि १ ते १२ तारखा तिनेच कॅलेंडरवर गोल करून घेतल्या.